पाचशे केबीत चार दाखले: पीडीएफचं वजन नेमकं कुठं कमी करायचं

जूनमध्ये भाचीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होतो. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला, ही चारही पानं एकाच पीडीएफमध्ये जोडायची होती आणि खाली लाल अक्षरांत मर्यादा दिली होती: ५०० केबी. तिने मोबाईलवर फोटो काढून पीडीएफ बनवली, ती निघाली १२.८ एमबी. "मामा, फाईल मोठी आहे म्हणतंय," असा तिचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि मुदत बाराला संपत होती. त्या अडीच तासांत आम्ही जे जे करून पाहिलं, त्यातलं बरंचसं फुकट गेलं. शेवटी जे जमलं ते करायला वीस मिनिटंही लागली नाहीत. ते वीस मिनिटांचं काम इथं क्रमाने लिहितो, आणि आधीचे दोन तास कशात गेले तेही, म्हणजे तुमचे वाचतील.

काय काय हाताशी ठेवायचं

- मूळ कागद. नुसती आधी बनवलेली पीडीएफ पुरत नाही, कागद जवळ असेल तर अर्धं काम तिथंच होतं.
- कॅमेरा असलेला मोबाईल आणि त्यात एखादं स्कॅनर ॲप. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, आयफोनवर नोट्समध्ये आहे.
- कॉम्प्युटरवर लिबरऑफिस. हे मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं.
- दुकानातून किंवा ऑफिसातून आयती स्कॅन पीडीएफ आली असेल तर घोस्टस्क्रिप्ट. पीडीएफ दाबणारा हा प्रोग्रॅमही मोफत आहे. त्यात एक ओळ टाईप करावी लागते, ती खाली दिली आहे.

१. आधी मर्यादा नीट वाचा आणि पानांत वाटून घ्या

मर्यादा केबीत आहे की एमबीत, प्रत्येक कागदाला वेगळी आहे की सगळ्यांना मिळून, हे आधी पाहा. १ एमबी म्हणजे साधारण १००० केबी, त्यामुळे १२.८ एमबीची फाईल ५०० केबीत बसवायची म्हणजे तिचा जवळजवळ पंचविसावा भाग करायचा. हा आकडा आधी कळला की "थोडं कॉम्प्रेस केलं की होईल" हा समज तिथंच गळून पडतो.

काही पोर्टलवर खालचीही मर्यादा असते, उदाहरणार्थ "किमान ७५ केबी". तिथं फार दाबलेली एका पानाची फाईलसुद्धा परत येते, आणि लोक तीच फाईल आणखी लहान करत बसतात. त्यामुळे दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या.

मग भागाकार करा. आमच्याकडे चार पानं आणि ५०० केबी. काठावर जाऊ नये म्हणून ४८० धरले, म्हणजे पानामागे १२० केबी. हे आपलं बजेट. पुढचा प्रत्येक निर्णय या एका आकड्यावरून घ्यायचा.

२. वजन कशाचं आहे ते ओळखा

पीडीएफ उघडा आणि एखाद्या ओळीवर माउस ओढून अक्षरं निवडता येतात का पाहा. निवडता आली तर ती बहुधा वर्डसारख्या प्रोग्रॅममधून थेट बनलेली फाईल आहे. अशा फाईलमध्ये मजकूर आणि फॉन्ट असतात. दहा पानांचा नुसता मजकूर शंभर-दोनशे केबीतच बसतो. ती जड झाली असेल तर आत कुठंतरी मोठा फोटो आहे. मूळ वर्ड फाईल असेल तर पीडीएफ म्हणून सेव्ह करताना `Minimum size (publishing online)` हा पर्याय निवडा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. अशी फाईल छापून पुन्हा स्कॅन मात्र करू नका. हलकी फाईल जड होते आणि अक्षरंही पुसट होतात.

अक्षरं निवडता येत नसतील तर आत फोटो आहेत. (काही स्कॅनर फोटोवर अदृश्य अक्षरांचा थर चढवतात, तिथं अक्षरं निवडली जातात. मग पान चारपट मोठं करून पाहा. कडा दाणेदार दिसल्या तर तो फोटोच.) दाखल्यांच्या बाबतीत शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हाच प्रकार असतो. पीडीएफ म्हणजे फक्त पाकीट, वजन आतल्या फोटोचं. म्हणून झिप करूनही काही फरक पडत नाही. फोटो जेपीईजीमध्ये आधीच दाबलेला असतो, झिपला त्यातून काढायला काही उरत नाही.

आता थोडा हिशोब, पण तो कळला की बाकी सगळं सोपं होतं. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ३००० गुणिले ४०००, एक कोटी वीस लाख ठिपके. ए-फोर कागद ८.२७ इंच रुंद आणि ११.६९ इंच उंच असतो. दर इंचाला १५० ठिपके, म्हणजे १५० डीपीआय धरले तर पूर्ण पानाला १२४० गुणिले १७५४, जवळपास बावीस लाख ठिपके पुरतात. टाईप केलेला दाखला स्क्रीनवर स्वच्छ वाचायला एवढं पुरेसं आहे. म्हणजे फोटोत गरजेच्या साडेपाचपट ठिपके आहेत. आपल्याला हेच कमी करायचे आहेत.

३. शक्य असेल तर फोटो पुन्हा काढा

हे कुणाला आवडत नाही, मलाही त्या रात्री नको वाटत होतं. पण सगळ्यात जास्त वजन इथंच उतरतं.

भाचीने दाखले पलंगावर फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून फोटो काढले होते. फोटोचा जवळजवळ तिसरा हिस्सा चादरच होती. जेपीईजीची रीत अशी की सपाट, एकसारखा भाग फार कमी जागेत मावतो आणि बारीक नक्षी, कापडाचा पोत, सावल्या भरपूर जागा खातात. आमच्या फाईलमध्ये दाखल्यापेक्षा चादरीवर जास्त केबी खर्च होत होते. चुरगळलेल्या कागदाच्या सावल्या, ट्यूबलाईटचा पिवळसर झाक आलेला भाग, फोन धरलेल्या हाताची सावली, सगळ्याचं तेच.

म्हणून कागद सपाट, एकरंगी पृष्ठभागावर ठेवा. खिडकीजवळ दिवसाचा उजेड असेल तर उत्तम. नुसता कॅमेरा न वापरता स्कॅनर ॲप उघडा. ते कडा ओळखून फक्त कागद कापून घेतं, तिरका आलेला सरळ करतं आणि पार्श्वभूमी पांढरी करतं. पार्श्वभूमी पांढरी झाली की वजन झपकन उतरतं, कारण आता खरोखर दाबण्याजोगा सपाट भाग तयार झालेला असतो.

रंगाचं काय? ॲपमध्ये बहुधा तीन पर्याय दिसतात: रंगीत, ग्रेस्केल आणि निव्वळ काळं-पांढरं. ग्रेस्केलने वजन थोडं कमी होतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही, कारण जेपीईजी रंगाची माहिती मुळातच काटकसरीने साठवतं. काळं-पांढरं मात्र फार हलकं होऊ शकतं. पण दाखल्यांसाठी मी ते वापरत नाही, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एका अर्जासाठी मी उत्पन्नाचा दाखला असा स्कॅन केला होता. वरचा मजकूर सुरेख आला, पण खालचा जांभळा गोल शिक्का फिकट होता. त्याचा अर्धा भाग पांढऱ्यात गेला आणि उरलेल्या अर्ध्याचे नुसते ठिपके राहिले. अर्ज "शिक्का अस्पष्ट" असा शेरा मारून परत आला आणि तो पुन्हा भरण्यात आठवडा गेला. त्यामुळे शिक्का, सही किंवा हस्ताक्षर असलेल्या कागदाला ग्रेस्केल किंवा रंगीतच ठेवा. शाईने फक्त टाईप झालेला, शिक्का नसलेला कागद असेल तरच काळं-पांढरं घ्या.

४. पान ए-फोरचंच आहे याची खात्री करा

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. आम्ही ती १२.८ एमबीची फाईल एका कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली, १५० डीपीआय सांगितलं, आणि बाहेर आली १२.६ एमबी. पुन्हा केली, तेच. प्रोग्रॅम बिघडलाय असं वाटून दुसरा उतरवला, त्यानेही तेच केलं.

कारण फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये होतं. पीडीएफ वाचकात फाईल उघडून `Document Properties` पाहा, तिथं पानाचा आकार लिहिलेला असतो. आमच्या फाईलचं पान ४१.७ गुणिले ५५.६ इंच होतं, म्हणजे साडेतीन फूट रुंद! ज्या ॲपने फोटोची पीडीएफ केली त्याने दर इंचाला ७२ ठिपके धरले होते. चार हजार भागिले ७२ म्हणजे साडेपंचावन्न इंच. आता कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमच्या नजरेने पाहा: त्याला सांगितलंय की १५० डीपीआयच्या वर असेल तर कमी कर, आणि त्याला दिसतंय ७२. तो म्हणतो, हे तर आधीच कमी आहे, आणि फोटोला हात लावत नाही.

तुमची फाईल कितीही वेळा दाबली तरी हलत नसेल तर पहिल्यांदा पानाचा आकार पाहा. तो ए-फोरच्या आसपास, म्हणजे ८.२७ गुणिले ११.६९ इंच किंवा २१० गुणिले २९७ मिलिमीटर नसेल, तर रोग तिथंच आहे. पुढची पायरी तो बरा करते.

५. लिबरऑफिसमधून नव्याने पीडीएफ बनवा

लिबरऑफिस रायटर उघडा. `Format` मेनूतून पानाच्या सेटिंगमध्ये जाऊन आकार A4 आणि चारही समास अर्धा सेंटीमीटर करा. मग `Insert > Image` करून पहिला फोटो आणा, कोपरा धरून पानभर ओढा, `Ctrl+Enter` ने नवीन पान घ्या आणि दुसरा आणा. पोर्टलने कागदांचा क्रम सांगितला असेल तर तो आत्ताच पाळा.

मग `File > Export As > Export as PDF` वर जा. जी खिडकी उघडते तिच्यात पहिल्याच पानावर चित्रांच्या दोन सेटिंग आहेत. `JPEG compression` च्या पुढे `Quality` असते, ती ७० करा. खाली `Reduce image resolution` वर टिक करून १५० DPI निवडा. `Export` दाबा आणि फाईलचा आकार पाहा.

आमची फाईल पहिल्या फेरीत ४६० केबी आली. पाने सुटी करून पाहिली तेव्हा कळलं की सगळ्यांचं वजन सारखं नाही: गुणपत्रिका एकटी १९० केबी, बाकी तिन्ही ९०च्या आसपास. गुणपत्रिकेच्या कागदावर मागे बारीक नक्षी छापलेली असते, नक्कल होऊ नये म्हणून. वर चादरीचं सांगितलं तेच इथंही. म्हणून पानामागे १२० केबीचं बजेट सरासरी म्हणून धरायचं. एक पान वर गेलं तरी चालतं, बाकीची पानं भरून काढतात.

तुमची फाईल अजून थोडी जड असेल तर या क्रमाने उतरत जा: आधी क्वालिटी ७० वरून ६०, मग ५०. तरी नाही बसली तर क्वालिटी पुन्हा ६० वर नेऊन डीपीआय कमी करा. यादीत १२० नसेल तर त्या खान्यात १२० टाईप करून पाहा. १०० डीपीआयच्या खाली जाऊ नका, तिथं बारीक अक्षरातला नोंदणी क्रमांक वाचता येत नाही. आणि दर वेळी मूळ फोटोंपासून सुरुवात करा. एकदा दाबलेली पीडीएफ पुन्हा दाबली, ती पुन्हा दाबली, की प्रत्येक फेरीत अक्षरांभोवती राखाडी धूळ जमते आणि वजन मात्र फारसं उतरत नाही.

६. आयती स्कॅन पीडीएफ आली असेल तर

कागद जवळ नाही, दुकानदाराने ३०० किंवा ६०० डीपीआयवर स्कॅन करून पीडीएफ पाठवली आहे आणि पानाचा आकार ए-फोर आहे, अशा वेळी घोस्टस्क्रिप्ट एका ओळीत काम करतं. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथं कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
gswin64c -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -dColorImageDownsampleThreshold=1.0 -dGrayImageDownsampleThreshold=1.0 -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=lahan.pdf mul.pdf
```

`mul.pdf` ही तुमची फाईल, `lahan.pdf` ही तयार होणारी. दोन्हीला एकच नाव देऊ नका, मूळ फाईल गमवाल. मॅक किंवा लिनक्सवर `gswin64c` ऐवजी `gs` लिहायचं. विंडोजने ही आज्ञा ओळखत नाही असं म्हटलं तर घोस्टस्क्रिप्टच्या `bin` फोल्डरमधल्या `gswin64c.exe` चा पूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत द्या.

`/ebook` म्हणजे १५० डीपीआय. `/screen` म्हणजे ७२, ते दाखल्यासाठी वापरू नका. मधले दोन `Threshold` वाले शब्द इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक कमांडमध्ये नसतात, आणि म्हणून पुष्कळांची फाईल हलत नाही. घोस्टस्क्रिप्टचा नियम असा की फोटो ठरवलेल्या डीपीआयच्या दीडपटीहून जास्त असेल तरच तो लहान करायचा. १५० ची दीडपट २२५. तुमचं स्कॅन २०० डीपीआयचं असेल तर तो तसंच सोडून देतो. मर्यादा १.० केली की १५० च्या वरचे सगळे रंगीत आणि ग्रेस्केल फोटो खाली येतात.

७. सही असलेली आणि पासवर्ड असलेली फाईल वेगळी

सरकारी पोर्टलवरून उतरवलेले बरेच दाखले डिजिटल सही केलेले असतात. ती सही म्हणजे पानावर दिसणारा हिरवा टिक नव्हे. फाईलमधल्या प्रत्येक बाइटशी ती बांधलेली असते. अशी फाईल कॉम्प्रेस केली, की चित्र तेच दिसतं पण सही तुटते, आणि तपासणाऱ्याला ती अवैध दिसते. या फाईल एरवी लहानच असतात. तशाच, न उघडता-न दाबता जोडा. इतर स्कॅनबरोबर एका पीडीएफमध्ये जोडल्यासही तेच होतं, म्हणून अशा दाखल्याला वेगळा रकाना आहे का ते पाहा.

ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते. कित्येक पोर्टल पासवर्डची फाईल घेतच नाहीत, आणि चुकीचा संदेश दाखवतात तो आकाराचा. प्रिंटमधून `Microsoft Print to PDF` निवडून नवी प्रत काढली की पासवर्ड निघतो. पण त्याबरोबर डिजिटल सहीही जाते, हे लक्षात ठेवून मगच करा.

आणि आधार, पॅन, बँक पासबुक हे कागद फुकट कॉम्प्रेस करून देणाऱ्या वेबसाइटवर चढवू नका. तिथं तुमचा कागद दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातो. घाईच्या रात्री मोह होतो, पण वरच्या दोन्ही पद्धती घरातल्या कॉम्प्युटरवरच होतात, त्याला पर्याय शोधायची गरज पडत नाही.

८. ईमेलने पाठवायची असेल तर

इथं मर्यादा मोठी असते, पण पूर्ण वापरता येत नाही. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. मात्र ईमेलमधून जाताना जोडलेली फाईल अक्षरांच्या रूपात बदलली जाते, तीन बाइटचे चार होतात, आणि वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. म्हणजे १९ एमबीची फाईल वाटेत पंचविशीच्या पार जाते. सगळ्या जोडण्या मिळून १८ च्या आत ठेवा. समोर ऑफिसचा पत्ता असेल तर १० च्या आत, कारण बऱ्याच ठिकाणी घेणाऱ्याच्या सर्व्हरची मर्यादा आणखी कमी असते आणि परत आलेला मेल तुमच्या लक्षात येईपर्यंत दिवस गेलेला असतो.

९. चढवण्याआधी आणि चढवल्यावर तपासा

नवी पीडीएफ शंभर टक्के आकारात उघडा. मोठा मथळा वाचता येतो म्हणून समाधान मानू नका. दाखल्याचा क्रमांक, तारीख, गुणांचे आकडे आणि शिक्क्यातली अक्षरं वाचा, आणि मूळ कागद शेजारी ठेवून आकडा-आकडा ताडून पाहा. दाबताना फक्त पुसटपणा येतो असं नाही. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रांच्या स्कॅनमध्ये एका नकाशातले खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलत होते. काळं-पांढरं दाबण्याच्या एका पद्धतीत सारखे दिसणारे लहान ठसे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवला जात होता, त्यामुळे ६ च्या जागी स्वच्छ, ठळक ८ येत होता. पुसट आकडा निदान संशय तरी निर्माण करतो, असा आकडा तोही करत नाही.

फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मधे जागा न सोडता ठेवा, जसं `dakhale_4pane.pdf`. देवनागरी नाव, कंस किंवा दोन ठिपके असलेली फाईल काही पोर्टल नाकारतात आणि कारण सांगत नाहीत.

अपलोड झालं की "पाहा" किंवा `View` असा दुवा येतो. त्यावर टिचकी मारून पोर्टलकडे पोहोचलेली प्रत उघडा आणि सगळी पानं आली का मोजा. त्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आमची फाईल गेली, आणि उघडून पाहिली तर तीनच पानं. अधिवासाचं पान रायटरमध्ये ओढताना चुकून मागच्या फोटोखाली गेलं होतं. ते सरकवून पुन्हा एक्स्पोर्ट केलं, ४६२ केबी झाली, जुनी काढून नवी चढवली आणि या वेळी भाचीने चारही पानं मोठ्याने वाचून दाखवली. मगच आम्ही `Submit` दाबलं.